गाथेतले चार भाग, पडद्यावर सात

«तुम्ही भजनाच्या स्लाइडमध्ये ध्रुवपद पुन्हा पुन्हा का टाकता? एकदा टाकून मागे जाता येत नाही का?»

येतं की. पण मागे जाताना काय दिसतं ते प्रेक्षकांत बसून एकदा बघा. शेवटच्या कडव्यावरून ध्रुवपदाला परतायचं तर मधली सगळी कडवी उलट्या क्रमाने पडद्यावरून सरकतात आणि म्हणणारे भलतीच ओळ उचलतात. स्लाइडचा आकडा टाइप करून `Enter` दाबलं की थेट उडी मारता येते, हे खरं. पण अंधारात, टाळांच्या गजरात ध्रुवपद कितव्या स्लाइडवर होतं हे आठवत बसायचं कुणी? त्यापेक्षा क्रम आधीच गाण्यासारखा लावावा. मग लॅपटॉपवर बसलेल्याला एकच बटण पुरतं, पुढे जायचं.

गाण्यासारखा म्हणजे पुस्तकासारखा नव्हे, आणि लोक अडकतात ते इथेच. तुकोबांचा ‘सुंदर ते ध्यान’ घ्या. गाथेत ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया’ याच्यापुढे १ असा आकडा आहे आणि ‘ध्रु.’ ही खूण आहे ती ‘तुळसीहार गळां’ या पुढच्या ओळींवर. गाताना मात्र बहुतेक मंडळी परततात ‘सुंदर ते ध्यान’वरच. गाथेतली खूण पाहून स्लाइड लावल्या तर बुवा एक म्हणतील आणि पडदा दुसरंच दाखवेल. म्हणून मी आधी तालमीचं मोबाइलवर रेकॉर्डिंग मागतो आणि ते ऐकत कागदावर नुसता क्रम लिहितो: सुंदर, तुळसी, सुंदर, मकर, सुंदर, तुका, सुंदर. गाथेतल्या चार भागांच्या अशा सात स्लाइड होतात. पाठभेदही त्याच वेळी कळतात. कोणी ‘ठेवोनिया’ म्हणतं, कोणी ‘ठेवूनिया’. पडद्यावर बुवा म्हणतात तेच जातं. कुठलं शुद्ध, हा वाद तालमीतच संपवावा.

ओळ दोनदा म्हटली म्हणून मी नवी स्लाइड करत नाही. ‘मकरकुंडले तळपती श्रवणी’ बुवांनी तीनदा आळवलं तरी पडदा तिथेच थांबतो. शब्द बदलले की स्लाइड बदलायची, एवढाच नियम. काही बुवा कडव्यानंतर ध्रुवपदाचा पहिलाच चरण घेऊन लगेच पुढे जातात. तिथे परतीच्या स्लाइडवर तेवढा एकच चरण ठेवतो, नाहीतर लोक दुसरा चरण म्हणायला लागतात आणि बुवा तोवर पुढच्या कडव्यात शिरलेले असतात.

टायपिंगला मी ध्रुवपदापासून सुरुवात करतो. ते दोनदा वाचून पक्कं झालं की मगच त्याच्या प्रती काढतो. आधी प्रती काढून नंतर चूक दिसली तर एक प्रत दुरुस्त होते आणि तीन तशाच राहतात. परतीचं ध्रुवपद पिवळं, कडवी पांढरी, पार्श्वभूमी काळी. रंग दिसला की मागच्या रांगेतल्या आजीही न वाचता सूर धरतात. अक्षरं चाळीस पॉइंटच्या खाली नेत नाही, आणि दोन ओळींत अंतर जरा सढळ ठेवतो, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकला की लांबून दोन्ही वाचता येत नाहीत.

दर आठवड्याला भजन असेल तर गाण्याचे शब्द पडद्यावर दाखवणारं `OpenLP` हे सॉफ्टवेअर घ्या, ते फुकट आहे. त्यात ध्रुवपद कोरस म्हणून एकदाच लिहायचं, तिन्ही कडव्यांना आकडे द्यायचे आणि क्रमाच्या रकान्यात हे भरायचं, C म्हणजे कोरस, V म्हणजे कडवं:

```
C1 V1 C1 V2 C1 V3 C1
```

दुरुस्ती एका जागी केली की सगळीकडे होते. बुवांनी ऐनवेळी क्रम बदलला तर तेवढी ओळ बदलायची. साध्या स्लाइडमध्ये मात्र प्रती हलवत बसावं लागतं.

बटण कधी दाबायचं, हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही. लोक गातात त्याच्या किंचित पुढचं वाचत असतात. त्यामुळे कडव्याचा शेवटचा शब्द सुटताना पुढची स्लाइड यायला हवी, तो संपून टाळ वाजल्यावर नव्हे. पण शेवटचा चरण बुवा दोनदा घेतात की एकदाच, हे ठाऊक नसेल तर स्लाइड हमखास लवकर जाते. म्हणून माझ्या क्रमाच्या कागदावर अशा चरणापुढे ‘२’ लिहिलेलं असतं.

शेवटच्या ध्रुवपदानंतर लय वाढते आणि ‘विठ्ठल विठ्ठल’ सुरू होतं. त्याला स्लाइड लागत नाही. साध्या स्लाइड असतील तर `B` दाबून पडदा काळा करतो.