मांडी आखडली आहे, पण ताणायची नाही

"मॅडम, गुडघे न वाकवता माझे तळवे जमिनीला सपाट टेकतात, त्रिकोणासन सहज जमतं. तरी मांडीची मागची बाजू कायम आखडल्यासारखी असते आणि हल्ली गुडघ्यामागे दुखतं. अजून ताणू का?"

नको, निदान तिथे तरी नको. ज्यांचे तळवे असे सहज टेकतात, त्यांचा हा स्नायू बहुतेक वेळा आखूड नसतो, दमलेला असतो.

गुडघा सरळ झाला की तिथेच थांबवायचं काम मुख्यतः मागचं आवरण आणि अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, करतात. तुमच्यासारख्या शरीरात हे पट्टे सैल असतात, म्हणून गुडघा सरळ होऊनही थांबत नाही, धनुष्यासारखा मागे जातो. बाजूने फोटो काढून पाहा. हा बाक १० अंशांहून जास्त असेल, तर अतिलवचिकतेच्या बायटन तपासणीत त्या गुडघ्याचा एक गुण धरतात. एकूण गुण ९ असतात आणि तळवे टेकण्याचाही त्यात एक असतो.

पट्टा सैल असला की ते काम स्नायूंच्या वाट्याला येतं. पण पट्टा दमत नाही, स्नायू दमतो. शिवाय अतिलवचिक सांध्यांत, विशेषतः गुडघा पूर्ण सरळ होताना, सांधा नेमका कुठे आहे याची जाणीव कमी असल्याचं आढळलं आहे. ओट्यापाशी तासभर उभं राहताना गुडघे मागे ढकलून 'लॉक' केले की मांडीपुढचे स्नायू जवळजवळ सुट्टीवर जातात आणि शरीराचा भार मागच्या आवरणावर लटकतो. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, जमेल तसा आवरायला जातो आणि ताठरतो. त्यालाच तुम्ही 'आखडणं' म्हणता. ताणल्यावर तासभर बरं वाटतं, मग ते परत येतं.

आता त्रिकोणासन. वर्गात सूचना मिळते, 'गुडघ्याची वाटी वर ओढा'. ताठ माणसासाठी ती ठीक आहे. तुमच्यासाठी अर्धीच, कारण वाटी ओढणारे पुढचे स्नायू गुडघ्याला आणखी मागे ढकलतात. त्यांना मागून तोलणारा हॅमस्ट्रिंग आधी जागा हवा.

उजवीकडचं आसन असं करून पाहा. उजवा गुडघा किंचित वाकवा आणि अंगठ्याखालचा उंचवटा जमिनीत दाबा. पाऊल जागचं न हलवता टाच डाव्या पावलाकडे ओढल्यासारखी करा. चटई घसरणारी नको. आता गुडघ्याच्या जरा वर, मांडीमागे बोटं लावा. दोन्ही कडांना दोरीसारख्या शिरा ताठ लागतील. त्या ताठ ठेवूनच गुडघा सावकाश सरळ करा. शिरा ढिल्या पडल्या की तुम्ही पुन्हा पट्ट्यावर लटकलात, तेवढं मागे या. हात जमिनीऐवजी विटेवर ठेवा. पाच श्वास, प्रत्येक बाजूला तीनदा. सुरुवातीला सरळ गुडघासुद्धा वाकलेलाच वाटेल. तेव्हा आपल्या वाटण्यावर जाऊ नका, आरशावर जा.

इथे एक चूक हमखास होते. 'किंचित वाकवा' ऐकून लोक गुडघा वाकवतात आणि तसेच सैल उभे राहतात. वाकवण्यात काही जादू नाही. पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी धरलेले असणं, हे खरं काम.

आसनाने हे धरणं शिकता येतं, ताकद मात्र वजनानेच येते. सेतुबंधासनात टाचा नेहमीपेक्षा वीतभर पुढे ठेवून कंबर उचला, दहा सेकंद धरा, पाच वेळा. हे सोपं झालं की एका पायावर. त्यानंतर हातात वजन घेऊन कमरेतून झुकायचा व्यायाम: पाठ सरळ, गुडघे थोडे वाकलेले, ८ ते १२ वेळा, शेवटचे दोन जड जातील इतकं वजन. तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीनदा. पहिल्या काही आठवड्यांत सुधारतो तो मुख्यतः ताबा, स्नायू भरायला अधिक वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी मांडी दुखली तर चालेल. सांधा दुखला किंवा सुजला तर वजन कमी करा.

मग बाकाची ती जागा आयुष्यभर वर्ज्य? तसं दिसत नाही. गुडघेदुखी असलेल्या अतिलवचिक मुलांवरचा ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने सरळपर्यंतच व्यायाम केले, दुसऱ्याने बाकाच्या टोकापर्यंत. दुखणं दोन्ही गटांत कमी झालं. म्हणून माझं मत असं, की आधी सरळपर्यंतचा ताबा पक्का करा, मग त्यापलीकडची जागाही कमी वजनाने, सावकाश ताब्यात आणा. तिथे सैल पडून लटकायचं मात्र नाही.

गुडघा अडकत असेल, वाटी सरकत असेल, किंवा सोबत त्वचा फार ताणली जात असेल आणि व्रण पातळ, रुंद होत असतील, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.