राउटर बदलल्यावर स्कॅनर सापडेना, शेवटी पत्ता राखून ठेवला तेव्हा सुटलं

आमचं टॅक्सचं काम करणारं छोटं ऑफिस आहे, दिवसभर पावत्या आणि फॉर्म स्कॅन होत असतात. मशीन एकच, प्रिंट-स्कॅन-कॉपी तिन्ही करणारं, राउटरला केबलने जोडलेलं. गेल्या महिन्यात इंटरनेट कनेक्शन बदललं, सोबत नवीन राउटर आला. बसवणाऱ्या पोराने मोबाईलवर स्पीड दाखवली, म्हणाला, "दादा, नेट चालू आहे, बाकी सगळं आपोआप होईल," आणि गेला.

प्रिंट खरंच येत होती. स्कॅनचं सॉफ्टवेअर उघडलं की मात्र थोडा वेळ गोल फिरायचं आणि स्कॅनर सापडला नाही असं यायचं. आमच्या ऑफिसातल्या ताई म्हणाल्या स्कॅनरच खराब झाला असेल, पण मशीनवर कॉपी काढली तर झकास येत होती, म्हणजे काच, दिवा, फीडर सगळं ठीक, गडबड मधल्या रस्त्यात होती. प्रिंट चालते मग स्कॅन का नाही, यातच खरी गोम आहे. आमच्या इथे विंडोज प्रिंटरला नेटवर्कवर स्वतः हाक मारून शोधतं, त्यामुळे पत्ता बदलला तरी त्याला सापडतो. पण स्कॅनच्या सॉफ्टवेअरने पहिल्यांदा सेटअप करताना मिळालेला आयपी पत्ता लिहून ठेवलेला असतो आणि ते कायम तिथेच जाऊन दार वाजवतं.

मशीनच्या पॅनेलवरून नेटवर्क रिपोर्टचं पान छापलं. त्यावर IPv4 च्या पुढे 192.168.0.107 होतं. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बघितलं तर 192.168.1.35. जुना राउटर 192.168.1 ने सुरू होणारे पत्ते वाटायचा, नवीन वाटतो 192.168.0 चे, म्हणजे अख्खी गल्लीच बदललेली. कॉम्प्युटरवर हे टाकून बघितलं:

```
ipconfig
ping 192.168.0.107
```

कॉम्प्युटरचा पत्ता पण 192.168.0 चाच निघाला आणि पिंगला उत्तर आलं. नुसत्या पिंगवर विसंबू नका, त्या पत्त्यावर कुणाचा मोबाईलही बसलेला असू शकतो. ब्राउझरमध्ये तोच पत्ता टाका, मशीनचं स्वतःचं सेटिंगचं पान उघडलं की खात्री. (रिपोर्टवर पत्ता 169.254 ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, आधी केबल बघा.) मग सॉफ्टवेअरमध्ये नवा पत्ता हाताने टाकला, लगेच स्कॅन सुरू.

पण मग एका संध्याकाळी लाईट गेली, दुसऱ्या दिवशी परत तेच, स्कॅनर सापडत नाही. रिपोर्ट छापला तर आता 192.168.0.103. राउटर हे पत्ते भाड्याने देतो, कायमचे नाही, आणि आमचा राउटर बंद होऊन चालू झाला की कुणाला काय दिलं होतं ते विसरतो, मग जो आधी येईल त्याला जो मोकळा असेल तो. दरवेळी पत्ता बदलत बसणं काही खरं नाही, म्हणून मशीनसाठी एक पत्ता राखून ठेवायचं ठरवलं.

राउटरच्या पानावर, आमच्या इथे 192.168.0.1, लॉगिन करून DHCP Server मध्ये Address Reservation आहे, काही राउटरवर Static Lease असं नाव असतं. तिथे मशीनचा मॅक नंबर, म्हणजे नेटवर्कवर मशीन ओळखायचा त्याचा स्वतःचा क्रमांक, आणि हवा तो पत्ता, आम्ही 192.168.0.50 दिला, टाकून सेव्ह करायचं. इथे एक सांभाळायचं, मशीनला केबलचा मॅक वेगळा आणि वायफायचा वेगळा असतो, रिपोर्टवर दोन्ही छापलेले असतात, ज्या मार्गाने जोडलंय त्याचाच घ्यायचा, नाहीतर नोंद बरोबर दिसते आणि पत्ता मात्र मिळत नाही. मग मशीन बंद करून चालू केलं, रिपोर्टवर 50 आला, सॉफ्टवेअरमध्ये 50 टाकला. त्यानंतर लाईट कितीदा गेली, पत्ता तोच आहे.

मशीनवरच पत्ता पक्का टाकता येतो, पण मला ते नको होतं. राउटर वाटत असलेल्या पत्त्यांपैकीच एखादा टाकला आणि राउटरने तोच दुसऱ्याला दिला तर दोघं भांडतात, आणि पुढे गल्ली परत बदलली तर मशीन जुन्याच पत्त्यावर अडकून बसतं. राखीव पत्त्यात मशीनचं सेटिंग ऑटोवरच राहतं. मर्यादा एवढीच की ती नोंद राउटरमध्ये असते, राउटर रीसेट केला किंवा बदलला की परत टाकावी लागते.

आणि मशीनच्या बटणावरून थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये स्कॅन पाठवत असाल तर उलट्या बाजूनेही बघा, तिथे मशीनच्या यादीत कॉम्प्युटरचा जुना पत्ता असतो. आमच्या यादीत 192.168.1.20 होता, म्हणून त्या कॉम्प्युटरलाही राखीव पत्ता दिला आणि यादीत तो भरला, तेव्हा कुठे ताईंचं बटण चालू झालं.