कोटीला कोटी लावून फसलेला हेज

खराडीच्या ऑफिसात माझी संध्याकाळची शिफ्ट असते, कारण न्यूयॉर्कचा बाजार आपल्याकडे दिवेलागणीला उघडतो. ट्रेनिंगमध्ये मला कागदावरची एक पोझिशन दिली होती: १ कोटी डॉलर दर्शनी मूल्याचे दहा वर्षांचे अमेरिकी सरकारी बॉण्ड, कूपन म्हणजे वर्षाचं ठरलेलं व्याज ४ टक्के, यील्ड म्हणजे बाजारभावाने मिळणारा परतावाही ४ टक्के, म्हणून भाव बरोबर १००. ते पाच वर्षांचे बॉण्ड शॉर्ट करून, म्हणजे उसने घेऊन विकून, हेज करायचे होते; भाव पडले तर एकीकडचा तोटा दुसरीकडच्या नफ्याने भरून निघावा म्हणून.

मी सरळ १ कोटीचेच शॉर्ट केले. माल तेवढाच, मग झालं की! यील्ड सगळीकडे १५ बेसिस पॉइंटने, म्हणजे ०.१५ टक्क्याने चढलं, बॉण्डचे भाव पडले आणि शीटवर सुमारे ५५ हजारांचा तोटा आला.

सीनिअर मॅडम म्हणाल्या, "अगं, तू वजन सोडून नग मोजलेस. एका बेसिस पॉइंटला किती डॉलर हलतात, ते आधी काढ."

ते काढलं. यील्ड ४.०१ केलं तर भाव ९९.९१८३, आणि ३.९९ केलं तर १००.०८१८. फरकाचं निम्मं, शंभर डॉलरमागे साधारण ०.०८१८. १ कोटीवर हे ८,१७६ डॉलर होतात. हाच डीव्ही०१. पाच वर्षांच्या बॉण्डला, त्याचंही कूपन आणि यील्ड ४ टक्के धरून, हेच गणित केलं तर १ कोटीमागे फक्त ४,४९१ येतात. म्हणजे माझ्या हेजमध्ये दर बेसिस पॉइंटला ३,६८५ डॉलर उघडेच पडले होते.

```
8176 / 4491 = 1.82
```

म्हणून शॉर्ट करायचे १ कोटी ८२ लाखांचे. आता दोन्हीकडे सुमारे ८,१७५. मी खूश.

ती खुशी दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी दहा वर्षांचं यील्ड ८ बेसिस पॉइंटने चढलं, पाच वर्षांचं मात्र २ नेच. लाँगवर ६५ हजारांचा तोटा, शॉर्टवर १६ हजारांचा नफा, निव्वळ तोटा ४९ हजार. सूत्र दहा वेळा तपासलं, चूक सापडेना. चूक गणितात नव्हतीच. दोन्ही यील्ड सारखीच हलतील, हे मी न बोलता गृहीत धरलं होतं.

मॅडमनी मागच्या काही महिन्यांच्या आकड्यांवरून गुणोत्तर सुधारून बघायला सांगितलं. माझ्या शीटवर पाच वर्षांचं यील्ड १ ने हललं की दहाचं ०.९ ने हलत होतं, म्हणून हेज १ कोटी ६४ लाखांवर आला. गंमत म्हणजे त्या तिसऱ्या दिवशी याने तोटा थोडा वाढलाच असता!

शेवटी मी हेजचा बॉण्डच बदलला. सात वर्षांच्या बॉण्डचा डीव्ही०१ १ कोटीला ६,०५३ येतो, म्हणजे १ कोटी ३५ लाख पुरतात, आणि तो दहाच्या जवळचा असल्याने सहसा त्याच्यासोबतच हलतो. रोज डीव्ही०१ नव्याने काढावाच लागतो, कारण यील्ड हललं की तोही हलतो.