आमची वाटचाल: रबाळ्याला ड्रॉइंग पाठवण्याआधी

वागळे इस्टेटमध्ये आम्ही सिरप भरण्याची छोटी मशीन बनवतो. ऑर्डरी वाढल्या तसं घरचं मशीनिंग पुरेना, म्हणून रबाळे एमआयडीसीतल्या एका नव्या वर्कशॉपला पार्ट्स द्यायचं ठरलं. मशीन चांगली, माणसंही नीट. तरीही मी आधी गोपनीयतेची लेखी हमी मागितली. मालक हसून म्हणाले, "साहेब, एवढ्याशा पार्टला कागद?"

हमी सही होऊन येईपर्यंत कोटेशनसाठी फक्त मटेरियल, बाहेरची मापं, टॉलरन्स आणि नग कळवले. रेट काढायला तेवढं पुरतं.

माझा मसुदा त्यांच्या वकिलाने वाचला. 'अशी मशीन दुसऱ्या कुणासाठी कधीच बनवणार नाही' हे वाक्य त्यांनी खोडलं, आणि बरोबरच केलं. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 प्रमाणे धंदा करण्यावरची अशी बंदी सहसा टिकत नाही. आमची माहिती आमच्याच कामापुरती वापरायची, एवढं मागणं मात्र रास्त आहे. कोणती माहिती, तेही कागदावर दिसायला हवं, म्हणून ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजनची यादी मागे जोडली.

खरी चर्चा झाली ती प्लंजरवर. त्याला हार्ड क्रोम लागतो आणि वर्कशॉपवाले तो बाहेरून करून घेतात. आपल्याकडे ड्रॉइंग बहुतेक वेळा फुटतं ते इथेच. सही करणारा ते विकत नाही. त्याचा सुपरवायझर घाईत प्लेटिंगवाल्याला व्हॉट्सॲपवर अख्खं शीट पाठवतो, आणि प्लेटिंगवाल्याने कशावरही सही केलेली नसते. म्हणून दोन गोष्टी लिहून घेतल्या. बाहेरचं काम आमच्या लेखी परवानगीनेच द्यायचं, आणि तिथे आमचं वेगळं प्लेटिंग शीट जायचं. त्यावर फक्त व्यास, कोटिंगची जाडी आणि क्रोम कुठे लावायचा नाही ती जागा. सीलची खाच कशासाठी आहे, हे प्लेटिंगवाल्याला कळायचं कारणच नाही.

रिजेक्ट नगांचंही तसंच. मोजून पार्ट उतरवता येतो, मग ड्रॉइंग लपवून काय उपयोग? ते नग कापून भंगारात टाकायचे किंवा आम्हाला परत, असं ठरलं. यावर त्यांनी थोडी कुरकुर केली, कारण भंगाराचे पैसे त्यांचे असतात. कापलेलं भंगार त्यांचंच, म्हटल्यावर मान्य झालं.

सही आल्यावर प्रत्येक पार्टची पीडीएफ आणि 3D मॉडेलची स्टेप फाइल दिली. असेंब्ली दिली नाही. प्रोग्रामिंग स्टेपवरून, पण टॉलरन्स पीडीएफचाच धरायचा, हे ईमेलमध्ये लिहिलं. प्रत्येक शीटवर त्यांच्या कंपनीचं नाव आडवं छापलं, म्हणजे शीट कुठे फिरताना दिसलं तर ते कुणाकडून निघालं हे कळेल. मशीनवरच्या ऑपरेटरला मात्र त्या नावाखालचं माप वाचता येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी ते फिकट करून पुन्हा पाठवलं.