दोनशे एफपीएस आणि तरी अडकणारा गेम : आमच्या दुकानाची वाटचाल

पांढरकवड्यात आमचं दुकान सुरू झालं ते २०१३ मध्ये, बसस्टँडजवळच्या दहा बाय बाराच्या गाळ्यात. सातबाऱ्याच्या प्रिंटा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, प्रिंटरची टोनर भरून देणं, शाळांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणं, यावर घर चालायचं. गेमिंगचा पीसी आम्ही पहिल्यांदा बनवला तो लॉकडाऊननंतर. धाकटा भाऊ नागपूरला सीताबर्डीवरून पार्ट आणायचा आणि मी जुळवायचो. आज आमच्या कामातला अर्ध्याहून जास्त भाग ई-स्पोर्ट्सच्या मशीनचा आहे. ती मशीन कशी बनवायची हे आम्हाला एका पोराच्या तक्रारीने शिकवलं, म्हणून त्याच मशीनबद्दल सविस्तर सांगतो.

२०२२ चा मे महिना. केळापूर तालुक्यातल्या एका गावचे काका पोराला घेऊन दुकानात आले. एप्रिलमध्येच आमच्याकडून नव्वद हजाराच्या आसपासचं मशीन घेतलं होतं. कापसाला त्या वर्षी चांगला भाव मिळाला होता, त्यातूनच हे पैसे निघाले होते. पोरगा म्हणाला, "भाऊ, कोपऱ्यात दोनशे एफपीएस दाखवते, मंग गेम अटकते काहून? समोरचा दिसते तोवर मी मेलेला रायतो." काका काही बोलले नाहीत. त्यांचं ते गप्प बसणं माझ्या मनाला फार लागलं.

त्या मशीनमधले छत्तीस हजार आम्ही एकट्या ग्राफिक कार्डावर लावले होते. गेमिंग म्हणजे मोठं कार्ड, असंच तेव्हा आमच्या डोक्यात होतं. प्रोसेसर रायझन ५ ५६०० होता, तो उत्तमच. पैसे वाचवायला बोर्ड मात्र सगळ्यात स्वस्त, साडेपाच हजाराचा घेतला, आणि रॅमची १६ जीबीची एकच काडी टाकली, पुढे वाढवता येईल म्हणून. मॉनिटर १४४ हर्ट्झचा.

इकडे गेम अडकला की सगळे आधी नेटला शिव्या देतात. म्हणून आम्ही आधी नेटचाच प्रश्न निकाली काढला. काउंटर-स्ट्राइकमध्ये बॉट्ससोबत सराव सामना लावता येतो आणि तो आपल्याच मशीनवर चालतो, सर्व्हरशी त्याचा संबंध नसतो. तिथेही गेम अडकला. म्हणजे दोष आमच्या डब्यात होता.

आता हे "दोनशे" नेमकं काय असतं ते सांगतो, कारण आम्हालाही ते तेव्हाच नीट कळलं. दोनशे एफपीएस म्हणजे एका सेकंदात दोनशे चित्रं, सरासरी ५ मिलिसेकंदाला एक. पण समजा त्यातली १९६ चित्रं साडेचार मिलिसेकंदात आली आणि चार चित्रांना प्रत्येकी साडेएकोणतीस लागले. बेरीज बरोबर एक सेकंदच होते आणि कोपऱ्यातला आकडा दोनशेच दाखवतो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर दर ६.९ मिलिसेकंदाला नवं चित्र मागतो. त्या चार जागी त्याला काहीच नवं मिळत नाही, तो चार-चार वेळा जुनंच चित्र दाखवत बसतो. नेमक्या त्याच वेळी शत्रू कोपऱ्यातून बाहेर आला, तर पोराला तो तितकाच उशिरा दिसणार. सरासरीचा आकडा हे लपवतो. ते दिसायला प्रत्येक चित्राचा वेळ वेगळा मोजावा लागतो.

त्यासाठी कॅपफ्रेमएक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. आम्ही वीस मिनिटांचा खेळ त्यात नोंदवला. चांगल्या मशीनचा आलेख शेताच्या बांधासारखा सरळ असतो. आमच्या आलेखात सुरुवातीपासून बारीक काटे होते, आणि साधारण पंधराव्या मिनिटानंतर थोड्या थोड्या वेळाने मोठे सुळके. दोन वेगळे आकार म्हणजे आजारही दोन असावेत, असं भाऊ म्हणाला, आणि ते खरं निघालं.

बारीक काटे रॅमचे होते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग २४०० दाखवत होता. काडीवर मात्र ३२०० छापलेलं होतं. नवीन बोर्ड काडीला सुरक्षित, कमी वेगावर चालवतो. पूर्ण वेग हवा असेल तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करावं लागतं, आणि ते आम्ही केलंच नव्हतं. शिवाय काडी एकच. प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते असतात, एका काडीत एकच रस्ता उघडतो. अशा गेममध्ये प्रोसेसर प्रत्येक चित्राआधी खेळाडू कुठे आहेत, गोळी कुठे गेली, याचा हिशोब करतो आणि त्यासाठी सारखा मेमरीकडे धावतो. तिथे थांबावं लागलं की चित्र लांबतं. आम्ही ती काडी परत घेतली, ८ जीबीच्या दोन लावल्या, एक्सएमपी चालू केलं. बोर्डावर चार खाचा असतील तर दोन काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्या लागतात. पहिल्या-दुसऱ्या खाचेत शेजारी लावल्या तर पुन्हा एकच रस्ता उरतो. काटे बरेच बसले.

मोठ्या सुळक्यांनी मात्र दोन दिवस खाल्ले. आधी वाटलं, प्रोसेसर तापत असेल, कारण दुकानातच ४४ अंश होते. पण तापमान आणि वेग दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर ७८ अंशांवर दिसत होता आणि त्याची मर्यादा ९० आहे. तरी सुळक्याच्या क्षणी त्याचा वेग ४.४ गिगाहर्ट्झवरून एकदम दीडच्या खाली पडायचा आणि लगेच वर यायचा. प्रोसेसर स्वतः तापला तर वेग हळूहळू उतरतो, असा कोसळत नाही. त्या कोसळण्यावरून संशय बोर्डावर गेला.

प्रोसेसरच्या बाजूला छोट्या काळ्या चिपांची रांग असते. पॉवर सप्लायकडून येणारे १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला साधारण सव्वा व्होल्ट देण्याचं काम ती करते. स्वस्त बोर्डावर त्या चिपांवर हीटसिंक नसतो. त्या फार तापल्या की बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग पाडतो, त्या थंडावल्या की परत सोडतो. खात्री करायला आम्ही डब्याचं बाजूचं पान काढलं आणि दुकानातला टेबलफॅन सरळ त्या चिपांवर लावला. अर्धा तास खेळ चालू ठेवला, एकही सुळका आला नाही. फॅन बंद केला, थोड्याच वेळात सुळके हजर.

यात चूक आमचीच होती आणि ती चांगल्या हेतूने झाली होती. प्रोसेसरसोबत जो कूलर येतो त्याचा पंखा खाली बोर्डाकडे वारा मारतो, त्यामुळे त्या चिपांनाही थोडी हवा मिळते. आम्ही उन्हाळ्याच्या विचाराने उंच टॉवर कूलर लावला. तो वारा आडवा मागे फेकतो. प्रोसेसर थंड राहिला आणि बाजूच्या चिपा उघड्या पडल्या. बोर्ड आम्ही आमच्या खर्चाने बदलून दिला, बी५५० चिपसेटचा, हीटसिंकवाला.

तिसरी गोष्ट या सगळ्यात सहज दिसली. छत्तीस हजारांचं कार्ड पूर्ण खेळभर चाळीस-पन्नास टक्क्यांवर बसून होतं. अशा गेममध्ये चित्र साधं असतं, काम प्रोसेसरला जास्त. म्हणजे काकांचे निदान पंधरा हजार आम्ही चुकीच्या खाचेत घातले होते. त्यांना मी ते तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "आता पोट्ट्याचं काम व्हते ना? मंग झालं." पण मला ते आजही आठवतं, कारण तो कापसाचा पैसा होता.

तेव्हापासून आमची वाटणी बदलली. बोर्ड, दोन काड्यांची रॅम, चांगला प्रोसेसर आणि १४४ किंवा त्याहून जास्त हर्ट्झचा मॉनिटर आधी, कार्ड उरलेल्या पैशात. यालाही मर्यादा आहे, ती आम्ही पुढच्या मशीनवर पाहिली. कार्ड फार लहान घेतलं आणि ते ९९ टक्क्यांवर गेलं, की प्रोसेसरने तयार केलेली चित्रं कार्डासमोर रांगेत उभी राहतात. एफपीएस ठीक दिसतो, पण माऊस हलवल्यावर निशाणा मागून येतो, दोरीने ओढल्यासारखा. उपाय म्हणजे एफपीएसला टोपी घालणं, म्हणजे त्याला वरची मर्यादा बांधणं. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर त्याचा वेग कार्डाच्या चित्रांशी जुळवणारं फ्रीसिंक चालू ठेवून काउंटर-स्ट्राइकच्या कन्सोलमध्ये आम्ही एवढंच टाकतो:

```
fps_max 140
```

मग कार्डाला श्वास मिळतो, रांग लागत नाही, आणि प्रत्येक चित्र सात-सव्वासात मिलिसेकंदाला येतं. ज्या गेममध्ये एनव्हिडियाचं रिफ्लेक्स आहे, तिथे ते चालू करतो, तेही ही रांगच आवरतं. एखादं मशीन तीनशे एफपीएस न डगमगता देत असेल तर टोपी काढलेली बरी, माऊसचं उत्तर अजून लवकर येतं. आमच्या बजेटची मशीन तीनशेवर डगमगतात, म्हणून मी टोपीच्या बाजूने आहे.

काही तक्रारी तर पाच मिनिटांत सुटतात. १४४ हर्ट्झचा मॉनिटर जोडला तरी विंडोज पुष्कळदा ६० वरच चालतं, डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन बदलावं लागतं. काहींनी दोन वर्षं तसंच खेळून काढलेलं आम्ही पाहिलंय.

इथली स्वतःची एक अडचण आहे ती कापसाची. नोव्हेंबरपासून जिनिंग सुरू झालं की हवेत बारीक तंतू उडतात. धूळ झटकली की पडते. तंतू मात्र कूलरच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा बसतो आणि हवा अडवतो. डब्याच्या पुढच्या जाळीवर आम्ही बारीक नायलॉनची जाळी चुंबकपट्टीने लावून देतो, ती काढून धुता येते. हंगामात महिन्याला एकदा ब्लोअर मारायला सांगतो, आणि मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायला. नाहीतर पंखा वाऱ्याने गरागरा फिरून त्याचं बेअरिंग जातं.

नेटच्या बाबतीत मशीन काही करू शकत नाही. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, तिथवर जाऊन येण्याचा वेळ डब्यातून कमी होत नाही. वायफायऐवजी केबल ओढून द्या, एवढंच सांगतो. विकण्याआधीच हे बोलून घेतो, म्हणजे नंतर वाईटपणा येत नाही.

आता प्रत्येक मशीन देण्याआधी अर्धा तासाची चाचणी होते. मे महिन्यात ती दुपारी दोन वाजता, दुकानातला कूलर बंद करून, कारण पोराच्या घरच्या टिनाच्या खोलीत तेवढंच तापणार आहे. आलेखाची प्रिंट काढून बिलाला जोडतो. मागच्या आठवड्यात एका मशीनच्या आलेखात सव्विसाव्या मिनिटाला एक सुळका आला, तो एकच. भावाने शोधलं तर रंगीत दिव्यांचं सॉफ्टवेअर मागे स्वतःचं अपडेट ओढत होतं. ते काढून टाकलं आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून लावली. गिऱ्हाईक बाहेर बाकावर थांबलं होतं, त्याला आत बोलावून दोन्ही प्रिंटा शेजारी ठेवून दाखवल्या, मग बिल केलं.