वरच्या दाढेचा इम्प्लांट आणि सायनसचा फाटलेला पडदा

"दात काढून नऊ वर्षं झाली. हाड गेलं कुठे?" स्क्रीनवरचा स्कॅन बघून बावन्न वर्षांच्या त्या बाईंनी विचारलं. वरच्या जबड्यातली डावीकडची पहिली दाढ त्यांना नव्हती. शेजारचे दोन्ही दात चांगले होते, ते घासून ब्रिज करायला त्यांची तयारी नव्हती, म्हणून त्या इम्प्लांट बसवून घ्यायला आल्या होत्या. सीबीसीटी म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये मोजलं, तर दाढेच्या जागी हिरडीखालपासून सायनसच्या तळापर्यंत हाड भरलं ३.१ मिलिमीटर. रुंदीची अडचण नव्हती, ती चांगली ८ मिलिमीटर होती. उंचीच नव्हती.

वरच्या मागच्या दाढांच्या मुळांवरच मॅक्सिलरी सायनस ही हवेची पोकळी असते. काही जणांत तर दाढेची मुळं थेट तिच्या तळाला टेकलेली दिसतात. दाढ काढली की हाड दोन्ही बाजूंनी कमी होतं. तोंडाच्या बाजूने कडा झिजत जाते, आणि चावण्याचा ताण येणं बंद झाल्यामुळे आतून सायनस हळूहळू खाली उतरतो. मधे उरतो तो पातळ थर. त्यातही हे हाड जबड्यातलं सगळ्यात मऊ, विरळ जाळीचं. १० मिलिमीटरचा स्क्रू ३ मिलिमीटर हाडात बसवायचा म्हणजे दोन तृतीयांश स्क्रू हवेत लोंबकळणार.

६ मिलिमीटरच्या आखूड इम्प्लांटबद्दल त्यांनी विचारलं, आणि प्रश्न बरोबरच होता. पण त्यालाही निदान सहा-सात मिलिमीटर हाड लागतं. हाड पाच-सहा मिलिमीटर असतं, तर इम्प्लांटसाठी केलेल्या भोकातूनच खालून सायनसचा तळ हलकेच वर ठोकून दोन-तीन मिलिमीटरची जागा करता आली असती. तीन मिलिमीटरला हा मार्ग मी धरत नाही. इथे गालाच्या बाजूने हाडात खिडकी पाडून सायनसचा आतला पडदा डोळ्यांदेखत उचलावा लागतो आणि त्याखाली ग्राफ्ट, म्हणजे नवं हाड वाढायला आधार देणारे दाणे, भरावे लागतात. इम्प्लांट त्याच दिवशी बसवायचा की नंतर, हे त्याला पहिल्याच दिवशी घट्ट पकड मिळते का यावर ठरतं. चार-पाच मिलिमीटर चांगलं हाड असेल तर जमून जातं. इथे आधी हाड आणि नंतर इम्प्लांट, असं आधीच ठरवलं.

स्कॅनमध्ये आणखी दोन गोष्टी बघितल्या. सायनसमधून नाकात निचरा होतो ते तोंड वर, नाकाच्या बाजूच्या भिंतीत असतं. ते मोकळं होतं आणि पडदा जाड झालेला नव्हता. तो सुजलेला असता किंवा आत पाणी दिसलं असतं, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं, कारण निचरा बंद असलेल्या सायनसमध्ये भरलेलं ग्राफ्ट सडायला वेळ लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तळावर मागच्या बाजूला चारेक मिलिमीटर उंचीचा हाडाचा कंगोरा होता. याला सेप्टम म्हणतात. पडदा अशा कंगोऱ्याला घट्ट चिकटून असतो. मी तिथे लाल खूण केली.

भूल देऊन हिरडी उचलली. सायनसची बाहेरची भिंत इथे जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची होती. पिएझो यंत्राच्या टोकाने तिच्यात साधारण ८ बाय ६ मिलिमीटरची लंबगोल खिडकी कोरली. खालची कड तळापासून दोनेक मिलिमीटर वर ठेवली. पिएझोचं टोक हाड कापतं, मऊ पडद्याला सहसा धक्का लावत नाही. हाड पातळ होत गेलं की आतला पडदा निळसर-राखाडी झाक देऊ लागतो. तिथे हात हलका करायचा. खिडकी उघडली आणि पडदा श्वासाबरोबर किंचित वर-खाली होताना दिसला, म्हणजे तो शाबूत आहे. हा पडदा बहुतेकांत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, अंड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा.

उचलताना आधी खिडकीच्या कडेला सगळीकडून मोकळा करायचा, मग तळावरून, मग पुढे-मागे, आणि शेवटी नाकाच्या बाजूच्या आतल्या भिंतीवरून. हत्याराची धार हाडाला घासूनच राहिली पाहिजे. पुष्कळदा आतल्या भिंतीपर्यंत जायचा कंटाळा केला जातो. मग ग्राफ्टला त्या भिंतीकडून रक्त मिळत नाही आणि इम्प्लांटची आतली बाजू उघडी पडते.

पुढचं आणि तळाचं नीट सुटलं. मागे सेप्टमच्या कडेवर हत्यार चढवताना पडदा एकदम ढिला वाटला. सक्शन लावून पाहिलं, तर करडा पडदा अर्धवट उघडलेला आणि त्याच्यामागे काळं भोक. ४ मिलिमीटरच्या आसपासचं. बाईंना नाकाने हळू श्वास सोडायला सांगितलं, तर भोकातून बुडबुडे आले. शंकेला जागा उरली नाही.

पडदा फाटणं ही या शस्त्रक्रियेतली सगळ्यात जास्त होणारी अडचण आहे. ते झालं म्हणजे सगळं फसलं असं नाही. चूक पुढे होते. फाटलेल्या जागेशीच खेळत राहिलं, की भोक मोठं होतं. मी तिथून हत्यार काढलं आणि फाटीच्या चारही बाजूंनी, लांबून पडदा मोकळा करायला घेतला. आजूबाजूचा ताण गेला की पडदा वर सरकतो, स्वतःवर दुमडतो, आणि भोक पुष्कळ अंशी आपोआप झाकलं जातं. तेच झालं. वरून कोलेजनचा पातळ, विरघळणारा पापुद्रा कापून घेतला, भोकाच्या कडांपलीकडे चार-पाच मिलिमीटर जाईल एवढा, आणि छपरासारखा लावला. पुन्हा श्वास सोडायला सांगितलं. या वेळी बुडबुडे आले नाहीत. फाट दहा मिलिमीटरच्या वर असती, किंवा हा पापुद्रा टिकला नसता, तर ग्राफ्ट न भरताच हिरडी शिवली असती आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा उघडलं असतं. हे शस्त्रक्रियेआधीच बाईंना सांगून ठेवलं होतं.

ग्राफ्ट म्हणून प्रक्रिया केलेल्या गाईच्या हाडाचे बारीक दाणे वापरले. त्यात खिडकी कोरताना गोळा झालेला त्यांचा स्वतःचा हाडाचा चुरा आणि थोडं रक्त मिसळलं. एका दाढेच्या जागेला दीड सीसीच्या आसपास पुरलं. भरताना ठासायचं नसतं. दाण्यांमधल्या फटीतूनच नव्या रक्तवाहिन्या वाढतात, आणि ठासलं तर पापुद्र्यावरचा दाब वाढून भोक पुन्हा उघडतं. खिडकीवर दुसरा कोलेजन पापुद्रा ठेवून हिरडी ताण न देता शिवली.

घरी जायच्या आधी त्यांना सांगितलं, "तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर ती अडवू नका, तोंड उघडं ठेवून येऊ द्या. स्ट्रॉने काही ओढू नका, फुगा फुगवू नका, विमानप्रवास पुढे ढकला." कारण शिंकरताना किंवा तोंड बंद करून शिंकताना सायनसमधला हवेचा दाब एकदम वाढतो, आणि नुकत्याच झाकलेल्या भोकाला तेच नको असतं. प्रतिजैविक, वेदनाशामक, आणि नाक मोकळं ठेवणारे थेंब दिले. थेंब फक्त पाच दिवस, त्याहून जास्त दिले की उलटा परिणाम होतो.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "डॉक्टर, रुमालावर रेतीसारखे पांढरे दोन-तीन दाणे पडलेत." त्यांना लगेच बोलावून घेतलं. गाल सुजलेला होता, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वात जास्त असतेच. नाकातून पू नव्हता, वास नव्हता, ताप नव्हता, टाके घट्ट होते. दोन-चार दाणे फाटीतून निसटले होते, एवढंच. मला भीती वेगळ्या गोष्टीची होती. पाच-सहा दिवसांनंतर एका बाजूच्या नाकातून घाण वासाचा स्राव, वाकल्यावर गालात ठणका, आणि कमी होत आलेली सूज पुन्हा वाढणं ही ग्राफ्टला जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणं असतात. तसं झालं असतं तर ग्राफ्ट उघडून धुऊन काढावं लागलं असतं. दर दोन दिवसांनी त्यांना तपासलं. तसं काही झालं नाही. दहाव्या दिवशी टाके काढले.

त्यानंतर थांबायचं. बाईंची चुळबुळ चालू होती. चौथ्या महिन्यात त्या म्हणाल्या, "आता काहीच दुखत नाही, बसवून टाका की." दुखत नाही याचा अर्थ हिरडी भरली, एवढाच. ग्राफ्टचे दाणे स्वतः हाड होत नाहीत. ते परांचीसारखे उभे असतात. नवं हाड सायनसच्या तळावरून आणि भिंतींवरून दाण्यांमध्ये सरकत येतं, आणि मधला भाग सगळ्यात शेवटी भरतो. इम्प्लांट नेमका त्या मधल्या भागात जाणार होता. त्यात त्यांचं मूळ हाड फक्त तीन मिलिमीटर, आणि पडदा एकदा फाटलेला. मी सात महिने धरले. सहा ते नऊ महिने ही नेहमीची मुदत आहे. सिगारेट ओढणाऱ्यांत मी नऊपेक्षा कमी धरत नाही.

सातव्या महिन्यात पुन्हा स्कॅन केला. ग्राफ्टचा घुमट गोल आणि स्पष्ट कडांचा होता. उंची भरली ११.८ मिलिमीटर. सुरुवातीला ती थोडी जास्त होती. ग्राफ्ट थोडं बसतंच, म्हणून भरताना जास्तीची उंची धरून ठेवलेली असते. सायनसमध्ये पाणी नव्हतं. ४.८ जाडीचा, १० मिलिमीटरचा इम्प्लांट निवडला. भोक जरा अरुंदच ठेवलं, म्हणजे मऊ हाडात स्क्रू स्वतःची पकड स्वतः करून घेतो. ड्रिलच्या खोबणीतला चुरा लालसर, रक्ताने भिजलेला होता आणि त्यात पांढरे ठिपके होते. ते पांढरे ठिपके म्हणजे न विरघळलेले दाणे. गाईच्या हाडाचे दाणे वर्षानुवर्षं तसेच राहतात, आणि त्यात वावगं काही नाही. चुरा कोरडा, भुसभुशीत आणि बिनरक्ताचा निघाला असता, तर मी इम्प्लांट न बसवता परत फिरले असते. ३० न्यूटन-सेंटिमीटरवर इम्प्लांट घट्ट बसला.

त्यावर चार महिन्यांनी कॅप बसली. पहिल्या शस्त्रक्रियेपासून कॅपपर्यंत अकरा महिने गेले. कॅपनंतरच्या एक्स-रेमध्ये इम्प्लांटच्या मध्याच्या जरा खाली एक आडवी, फिकट रेघ दिसली. बाई घाबरल्या, काही तडकलंय का म्हणून विचारू लागल्या. मी पेनाने ती रेघ दाखवली आणि म्हणाले, "अकरा महिन्यांपूर्वीपर्यंत सायनसचा तळ इथे होता. तीच ही रेघ."