सावली आखूड झाली की पाळणा

“काकू, यंदा पहिल्यांदाच घरी रामजन्म करायचाय. बारा म्हणजे नक्की किती वाजता, आणि पाळण्याच्या आधी-नंतर काय बोलायचं, काय करायचं?”

आमच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घरी तुळशीवृंदावनापाशी एक काठी रोवलेली असे. नवमीला आजोबा तिच्या सावलीवर डोळा ठेवून बसत. सावली आखडत आखडत जायची, एका जागी थांबल्यासारखी व्हायची आणि मग परत लांबू लागायची. ती थांबली की ते हात वर करत आणि आत घंटा वाजे. घड्याळात तेव्हा साडेबारा उलटून गेलेले असत. लहानपणी मला वाटायचं, आमच्याकडे रामाला उशीर होतो. पुढे कळलं की घड्याळातले बारा साऱ्या देशासाठी एकच धरलेले असतात. कोल्हापूर त्या वेळेच्या रेषेपासून बरंच पश्चिमेला आहे, म्हणून सूर्य इथं डोक्यावर येतो तो चैत्रात बारा पस्तीसच्या आसपास.

शास्त्राला हवा असतो तो मध्याह्न. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळाचे पाच भाग करायचे, त्यातला तिसरा भाग मध्याह्न. रामनवमी कुठल्या दिवशी धरायची तेही यावरूनच ठरतं. 2026 चंच घ्या. 26 मार्चला सूर्योदयाला अष्टमी होती, नवमी लागली पावणेबाराच्या सुमारास. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजून गेले आणि ती संपलीही. उगवतीची तिथी धरणाऱ्या कितीतरी जणांनी विचारलं, मग नवमी 27 ला का नाही? कारण 27 ला मध्याह्नी नवमी उरलीच नव्हती. 26 ला कोल्हापुरात मध्याह्न साधारण 11.25 ते 1.50, आणि त्याचा बराचसा भाग नवमीत होता. सूर्य माथ्यावर आला 12.38 ला. आम्ही जन्म तेव्हाच केला. फूटभर काठीची सावली त्या वेळी जेमतेम तीन इंच होती. देवळात बाराला गुलाल उधळतात तेही चूक नाही, बाराही मध्याह्नातच येतात. त्यामुळे कुणाला देवळातला जन्म बघायचा असेल तर तो बघून घरच्या जन्माला पोचता येतं.

दुपारच का, याचं उत्तर वाल्मीकींनी सांगितलेल्या कुंडलीत आहे. चैत्र, नवमी, पुनर्वसू नक्षत्र, कर्क लग्न आणि पाच ग्रह उच्चीचे. परंपरा त्या पाचांत सूर्य धरते, आणि सूर्य उच्चीचा म्हणजे मेषेत. पूर्वेला कर्क उगवत असते तेव्हा मेष डोक्याच्या बाजूला असते. मग सूर्य तरी दुसरीकडे कुठं असणार!

आता क्रम. सगळं जन्माच्या क्षणापासून मागं मोजत आणायचं. 12.38 ला जन्म असेल तर बाराला दिवा लावून रामरक्षा म्हणायची, तिला आठ-दहा मिनिटं पुरतात. मग कथा, आणि शेवटची दोन मिनिटं पूर्ण शांत. एका वर्षी माझी कथा बारा वीसलाच संपली. मुलं चुळबुळायला लागली आणि कुणीतरी पाळणाच सुरू केला, जन्माआधी! तेव्हापासून मी अयोध्येचं वर्णन हातचं राखून ठेवते. वेळ उरला तर रस्ते, तोरणं, शरयूचा घाट सांगायचा, नाही तर सोडून द्यायचं.

कथा सगळी सांगू नका. पायसाची सांगा, आणि दाखवून सांगा. मी एका वाटीत आठ चमचे खीर घेते आणि पुढं तीन रिकाम्या वाट्या मांडते. ऋष्यशृंगांनी यज्ञ केला, अग्नीतून पायसाचं पात्र आलं. दशरथानं त्यातलं निम्मं, म्हणजे चार चमचे, कौसल्येला दिलं. उरलेल्याचं निम्मं, दोन चमचे, सुमित्रेला. राहिलेल्या दोनांतला एक कैकयीला. शेवटचा चमचा हातात धरून राजा क्षणभर विचारात पडला, आणि तो परत सुमित्रेच्याच वाटीत घातला. इथं मी थांबते. कुणीतरी पोर ओरडतंच, “म्हणून तिला जुळी झाली!” आपल्या कीर्तनांत कैकयीचा घास घार पळवते आणि तो अंजनीच्या ओंजळीत पडतो. ते वाल्मीकींत नाही, पण मुलांना मारुती हवाच असतो, म्हणून मी सांगते. शेवटचं वाक्य ठरलेलं: “यज्ञ होऊन सहा ऋतू उलटले, बारावा महिना लागला, चैत्राची नवमी आली, आणि ऊन माथ्यावर आलं.” एवढं बोलून गप्प बसायचं.

वेळ झाली की पाळण्यावरचं वस्त्र दूर करायचं, घंटा, “प्रभू रामचंद्र की जय”, आणि फुलं. पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असल्यानं गुलाल तेव्हा कुठंही मिळतो. पण घरात चिमूटभरच वापरा, आणि प्रसाद झाकलेला असू द्या.

बाळराम नसेल तर रांगता बाळकृष्ण चालतो, किंवा शेंडीचा नारळ खणात गुंडाळून कुंची घालायची. नारळ घरंगळतो, म्हणून खाली दुहेरी घडीचं उपरणं वाटीसारखं दुमडून ठेवा. दोरी हातभरच ठेवा आणि समई लांब. पाळणा आवाजावर हलवायचा: एकीनं चरण म्हणायचा तेव्हा दोरी सैल, सगळ्यांनी “जो जो” धरलं की ओढायची. आमच्या घरासाठी मी जुळवलेले चरण देते, हवे तर घ्या.

चैत्राची नवमी, तळपते ऊन
सावली बसली पायाशी येऊन
कौसल्येच्या घरी आले रघुनंदन
जो बाळा जो जो रे जो

राम नि भरत सावळ्या रंगाचे
दोघे ते गोरे सुमित्रामाईचे
चार पाळण्यांना दोर रेशमाचे
जो बाळा जो जो रे जो

सुंठवडा वाटा आल्या नि गेल्याला
गार पाणी द्या गं तहानल्या जिवाला
राम हे नाव ठेवा गं बाळाला
जो बाळा जो जो रे जो

नावाच्या चरणाला थोरल्या बाईनं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात “राम” म्हणायचं. रामायणात वसिष्ठांनी नावं ठेवली ती अकरा दिवस उलटल्यावर. आपण जन्म आणि बारसं एकाच दुपारी उरकतो. मग आरती, आणि सुंठवडा.

सुंठवडा हे बाळंतिणीचं खाणं, म्हणून तो कौसल्येच्या नावानं वाटायचा. वाटीभर किसलेलं सुकं खोबरं मंद आचेवर गुलाबीसर भाजा, मोठा चमचाभर खसखस वेगळी भाजा. दोन्ही पूर्ण गार होऊ द्या. इथंच सगळे फसतात: कोमट खोबरं मिक्सरला लावलं की तेल सुटतं आणि साखरेचे गोळे होतात. गार झाल्यावर ते भरड फिरवून त्यात अर्धी वाटी पिठीसाखर, दोन चमचे खारीकपूड, वेलची आणि दोन लहान चमचे सुंठ मिसळा. घरी कुटलेली सुंठ बारीक चाळणीनं चाळून घ्या, नाही तर तिचे धागे घशात अडकतात. मूठ मिटून उघडली की मिश्रण सुटं पडायला हवं.

पहिला घास पाळण्यापुढं ठेवायचा, आणि दुसरा घरात कुणी नुकती बाळंतीण असेल तर तिच्या हातावर.